सदोष वॉशिंग मशीन, गप्प बसलेला विक्रेता आणि आयोगापर्यंतचे कागद

प्रश्न: ऑनलाइन घेतलेलं वॉशिंग मशीन (२७,४९० रुपये) ३ जूनला घरी आलं. १४ जूनला स्पिन होताना मध्येच थांबलं, पाणी आतच राहिलं. ॲपवर 'रिटर्नची मुदत संपली' एवढंच दिसतं, कारण मुदत सात दिवसांची होती. सर्व्हिस सेंटरचा माणूस १९ जूनला आणि २२ जुलैला येऊन गेला, एकदा बोर्ड बदलला, पण दोष तसाच आहे. विक्रेता मेलला उत्तर देत नाही. ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. ऑक्टोबर उजाडला. मी सांगलीत राहतो, विक्रेता दिल्लीचा आहे. ग्राहक मंचात जावं का? वकील लागेल का? खर्च किती येईल?

उत्तर:

जावं, आणि सांगलीतच जावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. २० जुलै २०२० ला हा कायदा लागू होण्यापूर्वी विरुद्ध पक्षाचं कार्यालय कुठे, व्यवहाराचं कारण कुठे घडलं, यावरच पहिले काही महिने झटापट व्हायची. ती आता संपली. ॲपच्या अटींमध्ये 'वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात' किंवा 'वाद लवादाकडे' असं लिहिलेलं असलं तरी आयोगाचं दार त्यामुळे बंद होत नाही. लवादाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

फी शून्य. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला एक रुपयाही लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. स्वतः उभं राहता येतं, तक्रार मराठीत लिहिता येते. 'मंच' हा शब्द आपल्या तोंडात बसलेला आहे, पण नव्या कायद्याने त्याचं नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झालं आहे. अर्जावर तेच लिहा.

मात्र आज लगेच दाखल करू नका. तुमच्या हातात सध्या जे कागद आहेत त्यांवर प्रकरण उभं राहील, पण टिकेल की नाही याची मला खात्री नाही. पुढचे सहा-सात आठवडे नीट वापरलेत तर टिकेल. ते कसे वापरायचे ते सांगतो.

आधी सात दिवसांचं बघू, कारण बहुतेक लोक तिथेच हात टेकतात. ॲपवरची रिटर्नची मुदत ही त्या कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी आखलेली पद्धत आहे. त्या काळात फार प्रश्न न विचारता वस्तू परत घेतात, एवढाच तिचा अर्थ. कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे: गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांतली उणीव. या व्याख्येत सात दिवसांचा उल्लेख नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला नियम ६ तर विक्रेत्याला थेट बांधतो. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही.

समोरचे वकील काय म्हणतील तेही सांगून ठेवतो. अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत असं म्हटलं आहे की बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा होय. यावर बोट ठेवून ते म्हणतील की आमची मुदत सात दिवसांची होती. म्हणून तुमचं बिल काढून नीट वाचा. मुदत ॲपच्या पानावर आहे की बिलावर? माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच बिलांवर ती छापलेलीच नसते. तसं असेल तर तुमची पहिली तक्रार अकराव्या दिवसाची आहे, ३० दिवसांच्या आत आहे, आणि हा मुद्दा तुमच्या बाजूने मांडता येतो. समजा बिलावर सात दिवस छापलेले असले, तरीही वॉरंटी आणि दोषाची व्याख्या हे दोन आधार शिल्लक राहतातच.

आता माणसं ओळखू. तुमच्या व्यवहारात तीन वेगवेगळे पक्ष आहेत. पैसे तुम्ही ॲपला दिले, माल 'सोल्ड बाय' म्हणून बिलावर छापलेल्या फर्मने विकला, आणि वॉरंटी निर्मात्या कंपनीने दिली. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आयोगापुढे यांपैकी एकालाच आणलंत तर तो निवांतपणे सांगेल की जबाबदारी त्या दुसऱ्याची, आणि तो दुसरा तिथे हजरच नसेल. म्हणून तिघांनाही पक्षकार करायचं.

यांतला सर्वांत निसटता पक्ष म्हणजे विक्रेता. ॲपवर दुकानाचं नाव एक असतं, बिलावर फर्मचं नाव दुसरंच असतं, आणि सहा महिन्यांनी ते दुकान ॲपवरून नाहीसं झालेलं असतं. बिलावरचं फर्मचं पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आजच लिहून घ्या. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव दिसतं, ते बिलाशी ताडून बघा. पत्त्यावर फक्त गोदाम असेल तर आयोगाची नोटीस 'पत्त्यावर कोणी नाही' अशा शेऱ्यासह परत येते आणि दोन-तीन तारखा त्यातच जातात. यावर ई-कॉमर्स नियमांत उपाय आहे. नियम ५ प्रमाणे खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं तर ॲप चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्याचा मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता, ईमेल आणि संपर्काचा तपशील द्यायचा असतो. ही मागणी फार कमी लोक करतात. करून बघा. तपशील मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला, तर 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणणाऱ्याने मध्यस्थाचं नेमून दिलेलं कामही केलं नाही, हे तुमच्याकडे लेखी येतं.

'आम्ही फक्त मध्यस्थ' हा बचाव अगदीच पोकळ नाही, हेही मानायला हवं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांना काही प्रमाणात संरक्षण देतं, आणि काही प्रकरणांत आयोगांनी ॲपला जबाबदारीतून मोकळं केलेलं आहे. पण पैसे त्यांच्या खात्यात गेले, तक्रारी त्यांच्याच ॲपवर नोंदल्या गेल्या, वस्तूच्या पानावर त्यांचा स्वतःचा खात्रीचा शिक्का होता, आणि तक्रारीवर त्यांनी नियमाप्रमाणे काहीच केलं नाही, असं चित्र उभं राहिलं की आयोग बहुधा त्यांनाही सोडत नाही. असा शिक्का तुमच्या ऑर्डरच्या पानावर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आजच घ्या. ती पानं बदलतात.

आता ज्या गोष्टीवर माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण उभं आहे तिच्याकडे येतो. ती म्हणजे सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, तंत्रज्ञ भेटीत काय केलं ते लिहून तुमची सही घेतो तो कागद.

यंत्रात दोष आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण बादलीभर पाणी तुम्ही हाताने काढता. आयोगाला ते माहीत नसतं. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. तुटलेली काच किंवा भलतीच आलेली वस्तू फोटोत दिसते. स्पिन होताना थांबणारं यंत्र फोटोत नवंकोरंच दिसतं. अशा वेळी पहिला आणि सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे कंपनीच्याच माणसाने, कंपनीच्याच कागदावर, दोष आहे असं लिहिलेलं असणं.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एका निवृत्त शिक्षिकेचं प्रकरण होतं. टीव्हीच्या पडद्यावर उभी रेघ यायची, तासाभराने जायची, परत यायची. तंत्रज्ञ तीनदा येऊन गेला होता. तीनही जॉबशीटवर 'सेटिंग करून दिले, टीव्ही ठीक' असा शेरा, आणि खाली बाईंची स्वच्छ सही. त्यांनी सही विश्वासाने केली होती, मजकूर वाचलाच नव्हता. मी रेघेचे फोटो जोडले. कंपनीच्या वकिलांनी त्या तीन सह्या दाखवल्या. दोष सिद्ध होत नाही म्हणून तक्रार फेटाळली गेली. तज्ज्ञाचा अहवाल मी वेळेत मागायला हवा होता, ही चूक माझी. त्या दिवसापासून कोणीही आलं की मी बिलाआधी जॉबशीट मागतो.

तुमच्या दोन्ही भेटींच्या जॉबशीट काढा. कागद दिला नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या मेलवर तक्रार क्रमांक देऊन प्रत मागा. १९ जूनच्या जॉबशीटवर 'बोर्ड बदलला' असं लिहिलेलं असेल तर ते तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे. सोळा दिवसांच्या यंत्राचा मुख्य सुटा भाग बदलावा लागला याचा अर्थ तो खराब होता, आणि हे कंपनीने स्वतः लिहून दिलेलं आहे. २२ जुलैच्या कागदावर मात्र 'ग्राहकाला वापर समजावला' किंवा 'तपासले, चालू आहे' असा शेरा असण्याची शक्यता बरीच आहे. दुसऱ्यांदा आलेला माणूस सहसा असंच लिहितो, कारण कॉल 'बंद' दाखवायचा असतो.

म्हणून आता तिसरी भेट मागा. होय, पुन्हा एकदा. पण या वेळी तयारीने. तंत्रज्ञ येण्यापूर्वी यंत्रात कपडे भरून ठेवा, त्याच्यासमोर पूर्ण फेरी चालू द्या, आणि थांबल्याचा, पाणी आत राहिल्याचा, पडद्यावर आलेल्या एरर कोडचा सलग व्हिडिओ घ्या. व्हिडिओची सुरुवात यंत्रामागच्या पट्टीवरच्या मॉडेल आणि सिरियल नंबरपासून करा, म्हणजे 'हे आमचं यंत्रच नव्हे' असं म्हणायला जागा उरत नाही. मधे थांबवून दोन तुकडे करू नका. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यातली तारखेची माहितीही जाते.

मग येतो ओटीपीचा क्षण. हल्ली तंत्रज्ञ तुमच्या फोनवर आलेला ओटीपी मागतो, आणि तो दिला की 'ग्राहक समाधानी, काम पूर्ण' अशी नोंद होऊन कॉल बंद होतो. त्याने काय नोंदवलं ते त्याच्या फोनवर वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका. नोंद खोटी असेल तर शांतपणे सांगा की दोष तसाच आहे असं लिहा, मग देतो. कागदाची जॉबशीट असेल तर सहीच्या वर तुमच्या हाताने लिहा: 'स्पिनमध्ये यंत्र थांबते. पाणी बाहेर जात नाही. दोष दूर झालेला नाही.' त्याखाली तारीख आणि वेळ घाला. तंत्रज्ञाशी भांडू नका. तो पगारी माणूस आहे, त्याच्यावर कॉल बंद करण्याचा दबाव असतो, आणि नीट बोललं तर पुष्कळदा तोच खरं लिहून देतो. काहीच जमलं नाही तर त्याच संध्याकाळी सर्व्हिस सेंटर, कंपनी आणि ॲप अशा तिघांना एक मेल करा: आज अमुक वाजता तंत्रज्ञ आले, दोष त्यांच्यासमोर दिसला, दूर झाला नाही, तरीही कॉल बंद केला. घटनेच्या दिवशीच लिहिलेल्या मेलला पुढे फार वजन येतं.

या काळात बाहेरच्या मेकॅनिकला यंत्र उघडू देऊ नका. घरात सगळे वैतागलेले असतात, चारशे रुपयांत काम होईल असं कोणीतरी सांगतं, आणि मोह होतो. पण एकदा बाहेरच्याने हात लावला की कंपनी म्हणते दोष त्यामुळेच आला, वॉरंटी गेली, आणि तपासणीसाठी मूळ अवस्थेतलं यंत्रही उरत नाही.

जॉबशीट अपुऱ्या पडल्या तर कायद्यात तपासणीची सोय आहे. कलम ३८(२)(क) प्रमाणे जो दोष तपासणीशिवाय ठरवता येत नाही, त्यासाठी आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. आख्खं वॉशिंग मशीन कुठे पाठवणार, अशी अडचण आली की काही वेळा आयोग एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या तज्ज्ञाला पाहणी करून अहवाल द्यायला सांगतात. महत्त्वाचं हे की अर्ज तुम्ही करायला हवा, आणि तोही समोरच्याची लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला त्याचं लेखी उत्तर, आली की लगेच. युक्तिवादाच्या दिवशी सुचून उपयोग नाही.

जॉबशीटचं काम चालू असतानाच दुसरं काम सुरू करा. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. ग्राहक सेवेच्या गप्पांच्या खिडकीत केलेली तक्रार वेगळी आणि ही वेगळी. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क ॲपवर दाखवणं बंधनकारक आहे. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी, अटींच्या दुव्यात सापडतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं. ६ ऑक्टोबरला मेल गेला तर ८ तारखेला पोच यायला हवी आणि ६ नोव्हेंबरपर्यंत उत्तर. मेलमध्ये रागाचं एकही वाक्य नको. एवढं पुरे:

'ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक अमुक, किंमत २७,४९० रुपये. वस्तू ३ जूनला मिळाली. १४ जूनपासून स्पिन होताना बंद पडते, पाणी आतच राहते. १९ जून आणि २२ जुलै रोजी दुरुस्तीचा प्रयत्न झाला, दोष कायम आहे. जॉबशीट व व्हिडिओ सोबत जोडले आहेत. वस्तू परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. तसेच नियम ५ नुसार विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता व संपर्क कळवावा.'

हाच मेल विक्रेत्याला आणि निर्मात्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. विक्रेत्यालाही स्वतःचा तक्रार अधिकारी नेमण्याचं आणि याच मुदती पाळण्याचं बंधन आहे.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर नोंद करा आणि मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा. मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत आणि कित्येकांचे पैसे इथेच परत मिळतात. पण ती न्यायालय नाही, आदेश देऊ शकत नाही. आणि तिथली तक्रार चालू आहे म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही. या गैरसमजात लोकांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. तुमची मी १४ जूनपासूनच मोजेन. वॉरंटी किंवा शेवटच्या नकारापासून मुदत मोजावी असा युक्तिवाद असतो, पण त्यावर विसंबून उशीर कशाला?

महिनाभरात काही झालं नाही तर एक नोटीस. २०१९ च्या कायद्यात ती सक्तीची नाही, वकिलामार्फतच हवी असंही नाही. तरी मी ती पाठवायला सांगतो, कारण आयोगाच्या पहिल्याच तारखेला 'तुम्ही यांना संधी दिली होती का' हा प्रश्न येतो. एक पान, तिन्ही पक्षांना, १५ दिवसांची मुदत, स्पीड पोस्टाने. पोस्टाची पावती आणि संकेतस्थळावरून काढलेला पोहोचल्याचा अहवाल नोटिशीलाच टाचून ठेवा. नोव्हेंबर संपताना तुम्ही तक्रार दाखल करायला तयार असाल.

तक्रार e-jagriti.gov.in वर घरबसल्या दाखल करता येते. पूर्वीचं ई-दाखिल आता याच व्यवस्थेत आलं आहे. पक्षकारांची नावं आणि पत्ते, तारखेच्या क्रमाने हकिकत, मागणी, शपथपत्र आणि कागदांची यादी, इतकंच तिचं स्वरूप असतं. हकिकत दोन-अडीच पानांची ठेवा आणि प्रत्येक वाक्यापुढे कोणत्या क्रमांकाचा कागद ते लिहा. स्क्रीनशॉट, मेल आणि व्हिडिओ जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र द्या. आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण समोरच्याला हरकत घ्यायला जागा ठेवायची नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती तपासा. बिल तुमच्या नावाने आहे की दुकानाच्या, फर्मच्या? जीएसटीची वजावट मिळते म्हणून पुष्कळजण घरची वस्तूही फर्मच्या नावाने घेतात. मग समोरून पहिली हरकत येते की ही खरेदी व्यापारी हेतूने झाली, हे ग्राहकच नव्हेत. स्वयंरोजगारासाठी, उपजीविकेपुरती घेतलेली वस्तू यातून वगळलेली आहे आणि घरगुती वापर सिद्ध करता येतो. पण ते सगळं तक्रारीतच लिहावं लागतं, मागाहून नाही.

मागणी काय करायची? मुख्य मागणी २७,४९० रुपये खरेदीच्या तारखेपासून व्याजासह परत मिळावेत ही. पर्यायी मागणी त्याच मॉडेलचं नवं यंत्र, नव्या वॉरंटीसह. त्यानंतर मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. माझ्या अनुभवात आयोग ६ ते ९ टक्क्यांच्या आसपास व्याज देतात, आणि अशा वस्तूंत त्रास व खर्च मिळून काही हजार रुपये. पाच लाखांची भरपाई मागितलीत म्हणून जास्त मिळत नाही. उलट तक्रारदार पैसे उकळायला आला आहे, असं सांगायची सोय समोरच्याला होते. त्रासाचा हिशेब मात्र नेमका द्या: किती दिवस रजा टाकली, बाहेर कपडे धुवायला किती दिले, त्याच्या पावत्या. तिघांनी 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' रक्कम द्यावी हे शब्द विसरू नका. ते असतील तर दिल्लीचा विक्रेता गायब झाला तरी उरलेल्यांकडून पूर्ण वसुली होते.

दाखल झाल्यावर आधी स्वीकृतीपूर्व सुनावणी होते. तक्रार स्वीकारायची की नाही हे सामान्यतः २१ दिवसांत ठरवावं असं कायदा म्हणतो. मग नोटिसा निघतात. समोरच्यांना लेखी कैफियतीसाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबाबत ठरवून दिलं आहे. ४६ व्या दिवशी कैफियत आली तर ती दाखल करून घेऊ नये असा अर्ज द्या. कोणीच हजर झालं नाही तर त्यांच्याविरुद्ध एकतर्फा आदेश होतो. तो झाला म्हणून गाफील राहू नका, दोष तेव्हाही तुम्हालाच सिद्ध करायचा असतो.

तपासणी नको असेल तर नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत आणि हवी असेल तर ५ महिन्यांत निकाल व्हावा, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चला, आणि आयोगातली पदं रिक्त असली तर त्याहून अधिक. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण न सांगता तुम्हाला तिथे पाठवणं बरोबर नाही.

तरी बहुतेक लहान प्रकरणं निकालापर्यंत जातच नाहीत. आयोगाची नोटीस पोहोचली की चार महिने न उचललेला फोन पंधरा दिवसांत येतो. 'पैसे देतो, तक्रार मागे घ्या.' रक्कम मान्य असेल तर जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. क्रम मात्र उलटू देऊ नका. तडजोड लेखी करा, पैसे खात्यात जमा होऊ द्या, आणि मगच पुढच्या तारखेला पुरसीस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, देऊन प्रकरण निकाली काढा. आधी तक्रार काढून घेतलेल्या एका तरुणाला पुढे तीन महिने 'रिफंड प्रक्रियेत आहे' एवढंच ऐकावं लागलं, आणि माझ्याकडे आला तेव्हा हातात ना पैसे होते ना प्रकरण. पैशांऐवजी दुरुस्तीच देऊ केली तर तुमच्या जागी मी नाकारली असती. दोन प्रयत्न झालेले आहेत.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्यांना राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करता येतं, पण त्याआधी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. सत्तावीस हजारांसाठी फार थोडे त्या वाटेला जातात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं तर कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दलची कारवाई, असे दोन अर्ज असतात. कलम ७२ मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. संचालकांच्या नावे समन्स निघालं की रक्कम सहसा पुढच्या तारखेआधी जमा होते.

यंत्र तोवर जागेवरच राहू द्या. विकू नका, मोडीत देऊ नका, खोकं आणि थर्माकोल असतील तर माळ्यावर टाका. पैसे परत करण्याच्या आदेशात वस्तू परत देण्याची अट बहुधा असते, आणि ती उचलून नेण्याचा खर्च त्यांनी करावा हेही मागणीत आत्ताच लिहून ठेवा.